छाननीच्या टेबलावरचा अर्ज

सरकारी नोकरीचा अर्ज म्हणजे आता ऑनलाइन फॉर्म, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, तलाठी भरती, जिल्हा परिषदेची सरळसेवा भरती यांबाबत ती खरीही आहे. पण कागदावरचा अर्ज संपलेला नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदे अनेक जिल्ह्यांत आजही प्रत्यक्ष अर्ज मागवूनच भरली जातात. अंगणवाडी मदतनीस, महाविद्यालयातले तासिका तत्त्वावरचे अध्यापक, अनुकंपा तत्त्वावरची नेमणूक, या सगळ्यांची सुरुवात हातात धरायच्या कागदानेच होते. असा अर्ज संगणक नव्हे, माणूस वाचतो. तो कसा वाचतो हे कळले की अर्ज कसा लिहायचा, हे वेगळे शिकावे लागत नाही.

अर्ज प्रथम आवक शाखेत जातो. तिथे त्यावर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो आणि नोंदवहीत त्याची एक ओळ लिहिली जाते. तिथून तो संबंधित कार्यासनाकडे, म्हणजे भरतीचे काम पाहणाऱ्या लिपिकाकडे पोहोचतो. त्याच्यापुढे छाननी तक्ता असतो. तक्त्यात उमेदवारासाठी एकच आडवी ओळ आणि तिच्यात रकाने : नाव, जन्मतारीख, अंतिम दिनांकास वय, प्रवर्ग, शैक्षणिक अर्हता, टक्केवारी, परिषदेकडील नोंदणी, अनुभव, आणि शेवटी शेरा. लिपिक अर्ज साहित्य म्हणून वाचत नाही. रकान्यात काय भरायचे ते तो त्यात शोधतो. सापडले तर भरतो, नाही सापडले तर शेऱ्यात ‘प्रमाणपत्र जोडलेले नाही’ असे लिहून पुढचा अर्ज उचलतो. पदे दहा आणि अर्ज सातशे असतील, तर त्याने याहून वेगळे काही करावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

म्हणून अर्जातल्या तीन जागांना खरे महत्त्व आहे. विषयाची ओळ अर्ज योग्य गठ्ठ्यात नेते, अर्हतेचा परिच्छेद रकाने भरतो आणि सहपत्रांची यादी त्या रकान्यांना पुरावा देते. बाकीचा मजकूर औपचारिक आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा एका जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने स्टाफ नर्सच्या कंत्राटी पदांसाठी जाहिरात दिली आहे. अर्हता जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आवश्यक, अनुभवास प्राधान्य. अर्ज पोहोचण्याची अंतिम तारीख १५ एप्रिल २०२५, सायंकाळी पाचपर्यंत. अर्जदार मुलगी इतर मागास वर्गातली आहे, जीएनएम झालेली आहे, खासगी रुग्णालयात दोन वर्षांहून अधिक काम केलेले आहे. मध्यंतरी तिचे लग्न झाले आणि नाव बदलले.

पहिल्या खेपेला बहुतेक जण विषय असा लिहितात : ‘नोकरी मिळणेबाबत विनंती अर्ज.’ यात चूक काही नाही, पण आवक शाखेला उपयोगाचेही काही नाही. एकाच जाहिरातीत स्टाफ नर्स, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशी पाच-सात पदे असतात. प्रत्येक पदाचा गठ्ठा वेगळा बांधला जातो आणि त्यातही प्रवर्गवार जागा वेगळ्या मोजल्या जातात. विषयात पद नसेल तर लिपिकाला आतला मजकूर वाचून पद ठरवावे लागते, आणि आतही ‘माझ्या पात्रतेनुसार कोणतेही पद’ असे लिहिलेले असेल तर तो अर्ज कुठल्याच गठ्ठ्यात जात नाही. एका अर्जात दोन पदांची मागणी केली तरी तीच गत होते. दोन पदांसाठी दोन स्वतंत्र अर्ज, दोन लिफाफे आणि शुल्क असेल तर दोन डिमांड ड्राफ्ट लागतात.

विषयात पदाचे नाव लिहायचे ते जाहिरातीत जसे छापले आहे तसेच. जाहिरातीत ‘स्टाफ नर्स’ असेल तर अर्जात ‘अधिपरिचारिका’ नको. दोन्हींचे काम एकच वाटले तरी शासनाच्या आकृतिबंधात ती वेगळ्या भरतीची पदे असू शकतात. पदानंतर प्रवर्ग लिहायचा. जाहिरातीचा क्रमांक आणि दिनांक विषयात कोंबण्यापेक्षा खाली ‘संदर्भ’ या वेगळ्या ओळीत द्यावा, कारण सरकारी पत्रव्यवहाराचा रिवाज तोच आहे आणि लिपिकाची नजर आपोआप तिथे जाते. लिफाफ्यावरही पद आणि प्रवर्ग ठळक अक्षरांत लिहावे. गठ्ठे बहुधा लिफाफे फोडण्याआधीच लागतात.

आता अर्हतेचा परिच्छेद. सर्वांत जास्त अर्ज पडतात ते इथेच. अनेक अर्जांत हा परिच्छेद असा असतो : ‘माझे शिक्षण जीएनएमपर्यंत झाले असून मला रुग्णसेवेची मनापासून आवड आहे. मला चांगल्या रुग्णालयाचा अनुभव आहे. माझी घरची परिस्थिती बेताची आहे, तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.’ या मजकुरातून तक्त्याचा एकही रकाना पुरता भरत नाही. परीक्षा कधी उत्तीर्ण झाली, टक्के किती, नोंदणी आहे का, अनुभव किती महिन्यांचा, यांपैकी काहीच कळत नाही. सहानुभूतीचे म्हणाल, तर खुल्या भरतीत निवड समितीला ती दाखवण्याचा अधिकारच नसतो, तिला गुणांची यादी लावायची असते. मला हे लिहिताना वाईट वाटते, कारण ती वाक्ये खोटी नसतात. अनुकंपा नेमणुकीच्या अर्जाची गोष्ट वेगळी आहे. तिथे कुटुंबातले कमावते माणूस गेल्यानंतरची परिस्थिती हाच विचाराचा विषय असतो, म्हणून ती सविस्तर आणि पुराव्यानिशी लिहावीच लागते. स्टाफ नर्सच्या अर्जात मात्र त्या जागी तारखा आणि आकडे हवेत.

त्यांतही एक तारीख बाकी सगळ्यांच्या वर आहे, ती म्हणजे अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख. उमेदवाराकडे त्या दिवशी जी अर्हता आहे तेवढीच धरली जाते. हे केवळ कार्यालयीन खाक्याचे नाही, त्याला सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. जम्मू-काश्मीरमध्ये कनिष्ठ अभियंत्यांच्या भरतीत काही उमेदवारांचा निकाल अंतिम तारखेनंतर, पण मुलाखतीच्या आधी लागला होता. त्यांना मुलाखतीला बसू दिले ते बरोबर की चूक, हा वाद होता. अशोक कुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर या प्रकरणात न्यायालयाने आधी बहुमताने त्यांची बाजू उचलून धरली होती, पण १९९७ मध्ये पुनर्विलोकनात तो निर्णय फिरवला. जाहिरातीत अंतिम तारीख दिलेली असेल तर पात्रता त्याच तारखेला पाहायची, नंतर मिळवलेली अर्हता चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामागचा युक्तिवाद माणुसकीला धरूनच होता. ज्यांचा निकाल बाकी होता म्हणून ज्यांनी नियम पाळून अर्जच केला नाही, त्यांच्यावर अन्याय होऊ नये.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला हा नियम कुठे नडू शकतो? परिचर्या परिषदेच्या नोंदणीत. ही नोंदणी एकदा केली की जन्मभर चालते असे नाही, तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तिची पहिली नोंदणी १० जानेवारी २०२० ची असेल, तर तिची मुदत जानेवारी २०२५ मध्येच संपली. फाइलमधला जुना कागद तसाच जोडला तर १५ एप्रिलला तिच्याकडे वैध नोंदणी नाही असाच अर्थ निघतो. प्रत्यक्षात तिने नूतनीकरण केलेले असेल, पण तो कागद अर्जात नसेल, तरी छाननी करणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. असेच नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्राचे. त्यावर ३१ मार्चची मुदत छापलेली असते. ३१ मार्च २०२५ पर्यंतचे प्रमाणपत्र १५ एप्रिलच्या अर्जाला जोडले तर ते पंधरा दिवसांनी शिळे झालेले असते आणि उमेदवार राखीव जागेवरून बाहेर पडते. मार्च-एप्रिलमध्ये मुदत संपणाऱ्या जाहिरातींत असे अर्ज हमखास सापडतात.

इथे कुणी विचारील, अर्हता आधीची आहे आणि नुसता कागद मागाहून दिला तर? दिल्लीत स्टाफ नर्सच्याच भरतीत एका इतर मागासवर्गीय उमेदवाराने प्रमाणपत्र मुदतीनंतर दिले होते. २०१६ मध्ये राम कुमार गिजरोया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. जात जन्माने ठरते, प्रमाणपत्र तिचा फक्त पुरावा आहे, असा त्या विचाराचा गाभा होता. पण २०२३ मध्ये लोकसेवा परीक्षेतल्या आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यांबाबत, दिव्या विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, निकाल उमेदवारांच्या विरोधात गेला. नियमात ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत विहित दाखला हाती असायलाच हवा, असे तिथे न्यायालयाने मानले. म्हणजे उशिरा दिलेला कागद कधी चालतो, कधी नाही, आणि ते ठरायला वर्षे लागतात. अकरा महिन्यांच्या कंत्राटी पदासाठी कुणीही त्या वाटेला जाऊ नये.

आता तोच परिच्छेद नीट लिहून पाहू. संपूर्ण अर्जच देतो, म्हणजे तिन्ही जागा एकमेकींना कशा बांधलेल्या असतात ते दिसेल.

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, …………

विषय : स्टाफ नर्स (कंत्राटी) या पदासाठी इतर मागास वर्ग (महिला) प्रवर्गातून अर्ज सादर करणेबाबत.
संदर्भ : आपली जाहिरात क्र. ……/२०२५, दि. २८ मार्च २०२५.

महोदय,

उपरोक्त संदर्भीय जाहिरातीस अनुसरून मी स्टाफ नर्स या पदासाठी अर्ज सादर करीत आहे. माझी जन्मतारीख १२ मे १९९८ असून दि. १५ एप्रिल २०२५ रोजी माझे वय २६ वर्षे ११ महिने ३ दिवस आहे (सहपत्र १). त्याच दिनांकास माझी अर्हता पुढीलप्रमाणे आहे.

मी बारावी (विज्ञान) परीक्षा फेब्रुवारी २०१६ मध्ये ६५० पैकी ४२९ गुण, म्हणजे ६६.०० टक्के मिळवून उत्तीर्ण झाले आहे (सहपत्र २). जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये पूर्ण केला असून तिन्ही वर्षांचे एकत्रित गुण ६८.०० टक्के आहेत (सहपत्र ३). महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे माझी नोंदणी क्र. …… दि. १० जानेवारी २०२० रोजी झाली असून नूतनीकरणानंतर ती ९ जानेवारी २०३० पर्यंत वैध आहे (सहपत्र ४). मी …… रुग्णालयात दि. १ जून २०२१ ते ३१ ऑगस्ट २०२३ असे २ वर्षे ३ महिने पूर्णवेळ स्टाफ नर्स म्हणून काम केले आहे (सहपत्र ५).

विवाहापूर्वीचे माझे नाव …… असे होते. शैक्षणिक कागदपत्रे व जातीचे प्रमाणपत्र त्या नावाने आहेत (सहपत्र ९).

वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. ती चुकीची आढळल्यास माझी निवड रद्द होऊ शकते, याची मला जाणीव आहे.

आपली विश्वासू,
(सही)
नाव, पत्ता, भ्रमणध्वनी

सोबत (एकूण १५ पाने, सर्व प्रती स्वयंसाक्षांकित) :
१. दहावीचे मंडळाचे प्रमाणपत्र – जन्मतारखेसाठी – १ पान
२. बारावीची गुणपत्रिका – १ पान
३. जीएनएम तीन वर्षांच्या गुणपत्रिका व पदविका प्रमाणपत्र – ४ पाने
४. परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र व नूतनीकरण – २ पाने
५. अनुभव प्रमाणपत्र – १ पान
६. जातीचे प्रमाणपत्र – १ पान
७. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र, ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध – १ पान
८. वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र – १ पान
९. विवाह नोंदणी प्रमाणपत्र – १ पान
१०. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन, नमुना ‘अ’ – १ पान
११. डिमांड ड्राफ्ट क्र. ……, दि. …… – १ पान

या अर्जात कुठेही विशेषण नाही, आणि त्याची गरजही भासत नाही. प्रत्येक विधानामागे कंसात सहपत्राचा आकडा आहे, त्यामुळे छाननी करणाऱ्याला कागद उलटेपालटे करावे लागत नाहीत. आपल्यालाही त्याचा एक फायदा होतो. आकडा लिहिताना एखाद्या विधानाला जोडायला कागदच नाही, हे अर्ज टाकण्याआधी लक्षात येते. यादीत पाने मोजून लिहिली आहेत तीही उगाच नाहीत. जीएनएमच्या गुणपत्रिकांतले दुसऱ्या वर्षाचे पान हाताळताना गळाले, तर ते कार्यालयात हरवले की उमेदवाराने दिलेच नाही, हे ठरवायला पानांची संख्या हाच एक आधार उरतो.

टक्केवारीबाबत थोडे थांबले पाहिजे, कारण कंत्राटी भरतीत गुणवत्ता यादी बहुतेक वेळा तिच्यावरच लागते. शेवटच्या वर्षाचे टक्के जास्त असतात म्हणून अनेक जण तेवढेच लिहितात. जाहिरातीत ‘अंतिम वर्षाचे गुण’ म्हटले असेल तर ते लिहायचे, ‘सर्व वर्षांचे एकत्रित’ म्हटले असेल तर बेरीज करून काढायचे. काहीच म्हटलेले नसेल तर दोन्ही लिहावे आणि कोणते कोणते ते सांगावे. ६५.६ चे ६६ करू नयेत. पडताळणीत गुणपत्रिका आणि अर्ज यांत फरक दिसला की तो हिशेबातला आळस होता की लबाडी, हे ठरवत कुणी बसत नाही. श्रेणी पद्धतीच्या गुणपत्रिकेसोबत विद्यापीठाचे रूपांतराचे सूत्र जोडावे. ते अनेकदा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूस छापलेले असते आणि झेरॉक्स काढताना नेमकी तीच बाजू राहून जाते.

अनुभव प्रमाणपत्र हा कच्चा दुवा आहे. खासगी रुग्णालये ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले आहे’ एवढेच लिहून देतात. त्यात रुजू झाल्याची आणि काम सोडल्याची तारीख, पदनाम आणि पूर्णवेळ की अर्धवेळ, हे हवे. रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक आणि सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा हेही हवे. नोंदणीपूर्वीचे काम अनुभवात धरत नाहीत, म्हणून आपल्या उदाहरणात अनुभव नोंदणीनंतरचा आहे, हे तारखांवरून लगेच दिसते.

लग्नानंतरच्या नावाची अडचण आपल्याकडे मुलींनाच सोसावी लागते. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे, आणि अर्ज कोणत्या नावाने करावा हा घोळ. अर्ज सध्याच्या नावाने करावा, जुन्या नावाचा उल्लेख मजकुरातच करावा आणि दोन्ही नावांना जोडणारा कागद यादीत द्यावा, म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी. जातीचे प्रमाणपत्र मात्र माहेरच्याच नावाचे राहते, कारण जात वडिलांकडून धरली जाते. पतीच्या जातीचा दाखला जोडणारे अर्ज येतात, आणि ते त्या प्रवर्गातून बाद होतात.

लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन २००५ च्या नियमांनुसार द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतरच्या अपत्यजन्मामुळे हयात अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाली असेल तर शासकीय सेवेतल्या नेमणुकीस उमेदवार अपात्र ठरतो. अविवाहित उमेदवारांना वाटते की हा कागद आपल्याला लागू नाही. जाहिरातीत मागितला असेल तर त्यांनीही तो अपत्यांच्या जागी ‘निरंक’ लिहून जोडावा.

प्रतींच्या साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरायची वेळ आता फारशी येत नाही. राज्य शासनाने ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचे ठरवले. प्रत्येक प्रतीवर ‘मूळ प्रतीप्रमाणे सत्य’ असे लिहून खाली सही, नाव आणि तारीख टाकायची. सही अर्जावरच्या सहीसारखीच हवी. मूळ प्रमाणपत्र अर्जाला कधीही जोडू नये. मूळ कागद कागदपत्र पडताळणीच्या दिवशी दाखवायचे असतात.

जे आधीच सरकारी नोकरीत आहेत त्यांचा अर्ज आपल्या कार्यालयामार्फत, म्हणजे योग्य मार्गाने जावा लागतो आणि सोबत ना हरकत प्रमाणपत्र लागते. वरिष्ठांकडे फाइल अडकून अंतिम तारीख टळण्याची भीती असते. म्हणून ‘आगाऊ प्रत’ असे वर लिहून एक प्रत थेट पाठवण्याची पद्धत आहे. जाहिरातीत मनाई नसेल तर ती जरूर पाळावी.

अर्ज देताना त्याची दुसरी प्रत सोबत न्यावी आणि तिच्यावर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक व तारीख घ्यावी. हीच पोच. टपालाने पाठवायचा असेल तर हे ध्यानात ठेवावे की पाठवल्याची नव्हे, पोहोचल्याची तारीख धरली जाते आणि टपालाच्या विलंबाची जबाबदारी कार्यालय घेत नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. जुन्या नमुन्यावरून तयार केलेल्या जाहिरातीत ‘नोंदणीकृत डाकेने’ असे असेल तर स्पीड पोस्टला नोंदणीची जोड मागून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

छाननी झाली की तात्पुरती पात्र-अपात्र यादी कार्यालयाच्या फलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लागते. हरकतीसाठी तीन-चार दिवसांचीच मुदत असते. आपल्या नावापुढे ‘नूतनीकरण जोडलेले नाही’ असा शेरा दिसला, तर हरकतीच्या अर्जात फक्त एवढेच लिहायचे : अमुक आवक क्रमांकाच्या अर्जासोबतच्या यादीत अनुक्रमांक ४ वर हा कागद दोन पानांसह नमूद आहे, पोच घेतलेल्या प्रतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे, तरी शेरा दुरुस्त व्हावा. त्या अर्जाचा विषयही तसाच नेमका हवा : ‘स्टाफ नर्स पदाच्या तात्पुरत्या यादीतील अ. क्र. …… बाबत हरकत.’ तो मुदतीच्या आत नेऊन द्यावा, आणि त्याचीही पोच घ्यावी.